भावोजींची खोडी काढताना: वेंगुर्ल्याच्या मांडवातलं बहिणीचं भाषण

प्रश्न: माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न वैशाखात वेंगुर्ल्याला आहे. आम्ही दोघीच बहिणी. ताई नोकरीला कोल्हापुरात आणि भावोजीही तिथलेच. संध्याकाळच्या स्वागत समारंभात मी ग्लास उचलून टोस्ट करावा असा ताईच्या ऑफिसातल्या मैत्रिणींचा आग्रह आहे. खोड्या भरपूर आहेत. पहिल्यांदा घरी आले तेव्हा आजीच्या बांगड्याच्या तिखल्यातली सगळी तिरफळं त्यांनी चावून खाल्ली. आंबोली घाटात गाडी एवढी हळू चालवतात की मागून एसटी हॉर्न देते. केस विरळ झालेत. ताईच्या आधी दोन मुलींनी नकारही दिला होता. पण कौतुकाचं काही सुचत नाही. माणूस चांगला आहे, मागच्या खेपेला आजीकडून ताईसाठी वाळवलेली तिरफळं मागून घेऊन गेले, पण यात सांगण्यासारखं काय? खोडीही निघावी आणि त्यांच्या आईला वाईटही वाटू नये, असं कसं बोलू?

उत्तर: तुमचं भाषण तुमच्या पत्रातच आहे. ‘यात सांगण्यासारखं काय’ म्हणून तुम्ही जे बाजूला ठेवलंत, तेच मधोमध ठेवायचं आहे. कसं ते सांगते. मी सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत बरीच वर्षं लग्नाच्या स्वागत समारंभांचं निवेदन करते. घरच्या माणसांची भाषणं बसवून देणं हा त्या कामाचाच भाग झाला आहे, आणि करवलीचं भाषण मला सगळ्यांत प्रिय आहे.

बहुतेक करवल्या आधी तीन मिनिटं टिंगल करतात आणि मग ‘पण खरं सांगू का, भावोजी खूप चांगले आहेत’ असं म्हणून एक मिनिट कौतुक करतात. मांडवातल्या माणसांना ते कौतुक दिलगिरीसारखं ऐकू येतं. टिंगल मनापासूनची आणि कौतुक रीतीपुरतं, असा त्यांचा समज होतो. ज्याचं कौतुक चाललंय तोही अवघडून हसतो. म्हणून खोडी आणि माया अशा दोन वाटण्या करू नका. अशी एकच गोष्ट शोधा, जिच्यावर लोक हसतील आणि जी पुढे नेली की त्याच माणसाबद्दल जीव वाटेल.

ती ओळखायची माझी रीत सोपी आहे. प्रत्येक खोडीला विचारायचं, ‘त्यांनी असं का केलं?’ उत्तरात त्यांचा एखादा गुण निघाला तर गोष्ट ठेवायची. उत्तरात नुसती खोट निघाली, किंवा ‘का’ला उत्तरच नसलं, तर गोष्ट कितीही हशा आणणारी असो, सोडून द्यायची.

तुमच्या चार गोष्टी या प्रश्नासमोर ठेवू. केस विरळ झाले, का? त्याला उत्तर नाही. त्यात भावोजींनी काही केलेलंच नाही. शिवाय केसांवर पहिल्यांदा हसणारे आणि हसून झाल्यावर आईकडे बघणारे त्यांचेच नातेवाईक असतील. ही गोष्ट गेली. दोन मुलींचे नकार, हेही त्यांनी केलेलं काही नाही, ते त्यांच्या वाट्याला आलेलं आहे. जी आई त्या दोन्ही वेळी मुलीकडचे पोहे खाऊन आली असेल ती पहिल्या रांगेत बसलेली असणार. तिच्या मुलाचा नकार तिच्यासमोर माइकवरून ऐकवायचा नाही, आणि ‘त्यांनी नकार दिला म्हणून ताईला मिळाले’ असं गोड करूनही ऐकवायचा नाही. हीसुद्धा गेली.

घाटातली गाडी अर्धवट आहे. आंबोली घाटात पावसाळ्यात धुकं इतकं उतरतं की समोरचं वळण दिसत नाही, तेव्हा हळू चालवणं शहाणपणाचंच. पण त्यांचं कारण काय, ते ताईला विचारा. ताईला घाटात मळमळतं म्हणून ते सावकाश चालवत असतील, तर ही गोष्ट एका वाक्यात घालता येईल. नुसती भीती असेल तर नको.

आता तिरफळ. का चावली? आजीनं वाढलेलं पानात टाकायचं नाही म्हणून. हे उत्तर सोन्यासारखं आहे. तिरफळ तिखल्यात वासाला असतं, ते जेवताना बाजूला काढून ठेवायचं, हे आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर वाढलेल्या माणसाला ते कोण सांगणार? चावलं की जीभ बधिर होते, झिणझिण्या येतात, तोंडातून धड शब्द निघत नाही. आणि हे कुठल्या दिवशी? पहिल्यांदा घरी आले त्या दिवशी, म्हणजे वडिलांशी बोलायचं होतं त्याच दिवशी. गंमत यात आपोआप आहे, तुम्हाला वर फोडणी द्यायची गरज नाही. मुख्य म्हणजे या गोष्टीला पुढचा भाग आहे. ज्या तिरफळांनी जीभ बधिर झाली तीच हा माणूस ताईसाठी आजीकडून मागून नेतो. पुढे काय झालं ते आता ताईला फोन करून विचारा. ती तिरफळं कोल्हापुरात कुठे ठेवली आहेत? कुणी वापरली? कशात घातली? कौतुकासाठी विशेषणं शोधत बसू नका. ‘प्रेमळ’, ‘समजूतदार’, ‘मनमिळाऊ’ हे शब्द प्रत्येक मांडवात प्रत्येक नवऱ्याबद्दल ऐकू येतात आणि कुणाच्या लक्षात राहत नाहीत. एक बरणी लक्षात राहते.

समजा ताई म्हणाली की भावोजींनी आजीला फोन लावून कृती विचारली, आणि त्यांच्या आईनं रविवारी पहिल्यांदाच तिरफळ घालून बांगड्याचं तिखलं केलं. मग तुमची दुसरी काळजीही मिटली. विहीणबाई तुमच्या गोष्टीत आल्या, तेही मानानं. ज्या भाषणात आपल्या हातच्या कालवणाचं नाव निघालं त्या भाषणाचा राग कुणाला येत नाही.

हे धरून मी एक मसुदा करून देते. शब्द तुमचे घाला, क्रम मात्र शक्यतो हाच ठेवा.

«नमस्कार. मी नवरीची धाकटी बहीण. आमच्या घरात भाऊ नाही, म्हणून दुपारी भावोजींचा कान मीच पिळला. जोरात पिळला असेल तर माफ करा, पहिलीच वेळ होती.

आमच्या ताईला जेवणात तिरफळ नसलं तर जेवण झाल्यासारखं वाटत नाही. शाळेच्या सहलीला निघतानाही ती डब्यात तिखलं मागायची, आणि बसमध्ये तिच्या शेजारी कुणी बसायचं नाही. सहल असली की तिच्या शेजारची जागा माझी.

तर भावोजी पहिल्यांदा आमच्या घरी आले. आजीनं बांगड्याचं तिखलं केलं होतं. आजी वाढत होती, ते जेवत होते. पान बघितलं तर काटे बाजूला, तिरफळ एकही नाही. आजीला वाटलं, पोराला आवडली. तिनं आणखी वाढली. तीही संपली. मग बाबा समोर येऊन बसले आणि म्हणाले, ‘बोला.’ आणि भावोजींना बोलताच येईना. बाबांना वाटलं, मुलगा फार लाजाळू आहे. तेव्हा आजीच्या लक्षात आलं. ती म्हणाली, ‘अरे झिला, तिरफळां चावूची नसतत!’

मी नंतर त्यांना विचारलं, पहिलं चावल्यावर कळलं नाही का? ते म्हणाले, ‘कळलं. पण आजी बघत होत्या.’

मागच्या खेपेला निघताना त्यांनी आजीकडून वाळवलेली तिरफळं मागून घेतली. ती बरणी आता कोल्हापूरच्या स्वयंपाकघरात आहे. काकूंनी आजीला फोनवर विचारून तिखलं केलं, आणि त्या रविवारी ताईनं मला फोन करून सांगितलं, ‘अगं, आज घरी जेवल्यासारखं वाटलं.’ काकू, ते वाक्य मी आई-बाबांना सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काय दिसलं, ते मला तुम्हाला सांगायचं होतं.

भावोजी, माझ्या बहिणीला काय आवडतं हे लक्षात ठेवणारं आतापर्यंत आमचं घर होतं. आता तुम्हीही आहात. मला भाऊ नव्हता. तुम्ही आलात, मला फार बरं वाटलं.»

हे सावकाश वाचलं तर अडीच-तीन मिनिटं लागतात. हशा आणि टाळ्या धरून साडेतीन. करवलीनं यापेक्षा जास्त बोलू नये असं माझं मत आहे, कारण स्टेजखाली आहेराची रांग उभी असते आणि मागून वाढप्यांची लगबग सुरू झालेली असते.

आता यातल्या काही जागा उलगडून सांगते, म्हणजे बदल करताना काय हलवायचं नाही ते कळेल.

पहिली खोडी ताईची आहे, भावोजींची नव्हे. हे मी मुद्दाम केलं. आधी आपल्या घरच्या माणसावर हसलं की समोरच्यांना कळतं, ही मुलगी थट्टा करते ती मायेनं. मग पाहुण्यांच्या मुलावर हसण्याचा अधिकार मिळतो. पण ताईची गोष्ट एकच असू दे. करवल्यांची भाषणं सगळ्यांत जास्त इथेच भरकटतात. लहानपणची भांडणं, एका पांघरुणातल्या रात्री, ताईचे फ्रॉक, असं करत बहीण बहिणीविषयीच बोलत राहते, गळा दाटतो, आणि ज्याच्यासाठी ग्लास उचलायचा तो नवरा बाजूला पाहुण्यासारखा उभा राहतो. ते सगळं ताईला आदल्या रात्री मेंदी सुकताना सांगा. माइकवरची वेळ भावोजींची आहे.

कान पिळण्याचा उल्लेख दोन्हीकडच्या माणसांना जोडतो. कानपिळी घाटावरही असते, कोकणातही असते, त्यामुळे कुणाला काही समजवावं लागत नाही. तिरफळाचं तसं नाही. कोल्हापूरच्या पाहुण्यांतल्या अनेकांना ‘चावलं तर काय होतं’ हेच माहीत नसेल, आणि गोष्टीचा सगळा जोर त्यावरच आहे. तुमच्याकडच्या मंडळींना ते सांगत बसलात तर कंटाळा येईल. म्हणून मधली वाट काढा. स्वागताच्या टेबलावर, अत्तर आणि गुलाब असतात तिथे, वाटीभर वाळलेली तिरफळं ठेवा आणि एखाद्या उत्साही चुलतभावाला बसवा. पाहुणे विचारतील, ‘हे काय?’ तो त्यांना नुसता वास देईल आणि ‘चावू नका, जीभ बधिर होते’ एवढं सांगेल. भाषणाची तयारी संध्याकाळभर आपोआप होत राहील.

आजीचं वाक्य मालवणीत ठेवलं आहे, बाकी सगळं साधं मराठी. एवढंच प्रमाण बरोबर. अख्खं भाषण मालवणीत केलंत तर तुमची अर्धी बाजू खूश होईल आणि पाहुणे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतील. ते वाक्य म्हणताना आजीची नक्कल करू नका, आजीकडे बघून म्हणा. तसंच ‘घाटी’ हा शब्द वापरू नका, लाडानंही नको. तुमच्या घरात तो सहज येत असेल, पण पाहुण्यांनी तो कुठल्या कुठल्या सुरात ऐकलेला असतो ते आपल्याला माहीत नसतं. ‘कोल्हापूरचे’ म्हणा.

‘कळलं. पण आजी बघत होत्या’ हे या भाषणाचं वळण आहे. तिथपर्यंत लोक हसत असतील. या वाक्यानंतर दोन श्वास थांबा. हशा थांबून एक वेगळी शांतता येईल आणि काहीजण भावोजींकडे वळून बघतील. ती शांतता भरून काढायला घाईनं पुढे बोललात तर कमावलेलं सगळं वाया जाईल. अर्थात हे वाक्य त्यांनी खरंच म्हटलेलं असलं पाहिजे. नसेल तर आताच त्यांना विचारा, ‘भावोजी, तेव्हा थांबला का नाहीत?’ आणि जे उत्तर देतील ते त्यांच्याच शब्दांत घाला. रचलेलं वाक्य त्यांच्या तोंडी घालू नका. ते समोर उभे असतील, आणि खोटं असलं तर त्यांच्या चेहऱ्यावर लगेच दिसेल.

याचाच पुढचा भाग असा की, तिरफळाची गोष्ट सांगणार आहात हे त्यांना आधी सांगून ठेवा. भाषण ऐकवू नका, फक्त गोष्टीचं नाव सांगा. हसत हसत ‘सांग की’ म्हणाले तर सांगायची. ‘ती कशाला आता’ असं म्हणाले तर, वर हसत असले तरी, सांगायची नाही. आणि त्यांच्याकडच्या एका माणसाला भाषण पूर्ण वाचून दाखवा, त्यांची बहीण किंवा वहिनी असेल तर उत्तम. ती कुठे हसते याकडे लक्ष देऊ नका, कुठे गप्प होते ते बघा. एखाद्या वाक्यावर ‘चालेल गं’ असं म्हणाली की ते वाक्य काढून टाका. त्या घरात काय टोचतं हे तिला तुमच्यापेक्षा जास्त कळतं, फक्त तुम्हाला नाराज करायला ती संकोचते.

रडू येईल का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण येईल. ‘मला भाऊ नव्हता’ इथे येईल. म्हणून ती वाक्यं आखूड ठेवली आहेत, दाटलेल्या गळ्यानंही पार पडतात. तिथे ताईकडे बघू नका, ती आधीच रडत असेल आणि दोघी मिळून थांबाल. भावोजींकडे बघा. भाषण जाड कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या. मोबाइलवरून वाचताना मान खाली जाते आणि नेमका तेव्हाच कुणाचा तरी फोन येतो.

वेळ कोणती? अक्षता पडल्यावर लगेच नको, तेव्हा कुणी ऐकत नाही. पाठवणीच्या आसपास तर मुळीच नको. संध्याकाळी आहेराची रांग ओसरते आणि पाहुणे जेवायला वळत असतात, त्याच्या जरा आधीची वेळ निवेदकाला सांगून धरून ठेवा. समारंभ घरासमोरच्या खळ्यात असेल तर आणखी एक लक्षात घ्या. मोकळ्या जागेत रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वैशाखात पाहुणे ऊन उतरल्यावर उशिराच जमतात आणि सगळं पुढे सरकतं. साडेआठच्या आत तुमचं भाषण व्हावं असं ठरवा.

राहिला ग्लास. ताईच्या मैत्रिणी ग्लास उचलतील, पण आजी, आत्या, गावातली जाणती मंडळी उचलणार नाहीत, त्यांची ती रीत नव्हे. अर्धा मांडव ग्लास उचलून उभा आणि अर्धा नुसता बघतोय, असं दृश्य वाईट दिसतं. ग्लासात सोलकढी द्यावी असं अनेकांना सुचतं, पण नारळाच्या दुधाची कढी वैशाखातल्या उकाड्यात फार वेळ बाहेर टिकत नाही. कोकमाचं सरबत द्या, आणि पेले अर्धेच भरा, कारण रेशमी साडीवर त्याचा डाग पडला की सहजी निघत नाही.

पण सगळ्या मांडवानं एकत्र काही करावं असं वाटत असेल, तर आपल्याकडे त्यासाठी गाऱ्हाणं आहे. एकानं मागणं मागायचं आणि सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, याला ग्लास लागत नाही आणि कुणी बाहेर राहत नाही. आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. गाऱ्हाणं घालायचा मान तुमच्या घरात ज्यांचा असेल त्यांनीच ते घालावं असं ते म्हणाले, तर तुमचं भाषण संपताच त्यांना हात धरून पुढे आणा. त्यांनी तुम्हालाच सांगितलं तर तीन ओळी पुरेत:

«बा देवा म्हाराजा, आज ह्या मांडवात वेंगुर्ल्याची आणि कोल्हापूरची माणसां एकत्र इली आसत.» व्हय म्हाराजा!
«ह्या दोघांचो संसार सुखाचो होवंदे.» व्हय म्हाराजा!
«ह्या घराचा त्या घराक आणि त्या घराचा ह्या घराक येणाजाणा कायम रवांदे.» व्हय म्हाराजा!

यात विनोद घालू नका. खोडी संपली, आता हे मागणं आहे. गंमत म्हणून केलेलं गाऱ्हाणं जुन्या माणसांना लागतं, आणि त्यांचं लागणं रास्त आहे. पहिल्या ‘व्हय म्हाराजा’साठी खणखणीत आवाजाचे दोन काका समोर बसवून ठेवा. दुसऱ्या ओळीला तुमचं सगळं गाव म्हणेल आणि तिसरीला पाहुणेही म्हणतील, तिथले शब्द त्यांना कळले नसले तरी.

गाऱ्हाणं झालं की माइक निवेदकाच्या हातात द्या, भावोजींच्या नको. हातात माइक आला की लोक ‘बोला, बोला’ म्हणून ओरडतात आणि त्या माणसाला काहीतरी उत्तर द्यावंच लागतं. त्यांना बोलायचं असेल तर ते स्वतः मागतील. तुम्ही खाली उतरून आधी काकूंच्या पाया पडा, मग आजीजवळ जाऊन बसा.